अर्ज तुमचा, भाषा कोणाची?

पुढचा अर्ज वाचा.

"महोदय, सविनय निवेदन आहे की, आमच्या परिसरातील रोहित्र मागील अनेक दिवसांपासून नादुरुस्त असल्याने वीजपुरवठा खंडित झाला असून शेतकरी बांधवांना प्रचंड गैरसोय व आर्थिक नुकसान सहन करावे लागत आहे. वारंवार पाठपुरावा करूनही संबंधित कर्मचाऱ्यांनी जाणीवपूर्वक दुर्लक्ष केले आहे. तरी सदर प्रकरणी तातडीने लक्ष घालून आम्हांस न्याय मिळवून द्यावा, ही नम्र विनंती."

शुद्धलेखनाची चूक नाही आणि व्याकरण ठाकठीक आहे. तरी वीज कार्यालयातल्या ज्या अभियंत्याच्या टेबलावर हा कागद जाईल, त्याला यातून काहीही कळत नाही. कोणती डीपी, कधीपासून, कशाने जळाली, किती मोटारी अडल्या, यातलं एकही उत्तर त्यात नाही. असे अर्ज तो रोज वाचतो, त्यामुळे दुसऱ्या ओळीलाच त्याची नजर सही शोधायला खाली जाते.

आता हाच अर्ज ज्याच्या नावाने गेला त्या शेतकऱ्याचं मूळ बोलणं ऐका. हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण तालुक्याच्या ठिकाणी लोकांना अर्ज लिहून देताना मी जे ऐकते त्यातूनच ते रचलंय.

"मंगळवारी रात्री जेवायला बसलो होतो, डीपीवर मोठा आवाज झाला आन् लाइट गेली. त्याच्या आधी दोन दिवस डीपीखाली तेल टपकत होतं. वायरमनला सांगितलं होतं, म्हणजे मी नाही, पोरानं फोन केला होता. आज पाच दिवस झाले. त्या डीपीवर वीस-बावीस मोटारी असतील, सगळ्या पाचच्या. माझा वीस गुंठे कांदा आहे, लावून आठवडा झाला. शेजाऱ्याच्या विहिरीवरून एक पाळी घेतली, आता त्यालाच पुरत नाही. ऑफिसात एकदा गेलो तर म्हणाले, डीपीवरच्या सगळ्यांनी आधी बिल भरा. माझं भरलेलं आहे, पावती आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

अभियंत्याला जे हवं ते सगळं या बोलण्यात आहे. आवाजाच्या आधी दोन दिवस तेल गळत होतं, म्हणजे बिघाड अचानक झालेला नाही. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल आतल्या वाइंडिंगला थंड ठेवतं आणि दोन वळशांमधलं इन्सुलेशनही टिकवतं. तेलाची पातळी उतरली की वाइंडिंग तापतं आणि जळतं. 'वीस-बावीस मोटारी, सगळ्या पाचच्या' हे तर त्याहून मोलाचं आहे. गावात सर्रास दिसणारी ६३ केव्हीएची डीपी असेल, तर तिच्यावर पाच हॉर्सपॉवरच्या डझनभर मोटारी एका वेळी धड चालतात. थ्री फेज लाइट आल्याबरोबर बावीस मोटारी एकदम सुरू होत असतील, तर तेवढ्याच क्षमतेची नवी डीपी बसवली तरी ती पुढच्या हंगामात जळणार. अर्जदाराने नकळत तक्रारीबरोबर निदानही दिलं होतं आणि लिहून देणाऱ्याने नेमकं तेच पुसलं.

नुसतं पुसलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्याने भरही घातली. पाच दिवसांचे 'अनेक दिवस' झाले. एकदा कार्यालयात जाणं आणि मुलाचा एक फोन यांचा 'वारंवार पाठपुरावा' झाला. 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' हा आरोप तर त्या माणसाने केलेलाच नव्हता. ज्या वायरमनने उद्या खांबावर चढायचं, त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार शेतकऱ्याला न विचारता शेतकऱ्याच्या नावावर जमा झाली. शेतकऱ्याला हे कळेल तेव्हा वायरमन त्याला रस्त्यात गाठून 'काय हो, मी जाणीवपूर्वक?' असं विचारत असेल.

माझं म्हणणं असं आहे. दुसऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्याला, मग तो कोर्टाबाहेरचा अर्जनवीस असो, गावातला शिकलेला पुतण्या असो की मोबाइलमधलं मजकूर 'औपचारिक' करून देणारं एआय असो, क्रम लावण्याचा आणि शुद्धलेखन सुधारण्याचा अधिकार आहे. माणसाला किती माहीत आहे, ते कसं कळलं आणि त्याची किती खात्री आहे, याला हात लावण्याचा अधिकार त्याला नाही. भाषा गुळगुळीत करताना पहिला बळी याच तीन गोष्टींचा जातो आणि वाचणाऱ्याचा विश्वास नेमका याच तिघींवर उभा असतो.

हे मी हवेत बोलत नाही. माणसाच्या शब्दांवर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचंच काम ज्यांचं आहे त्या न्यायालयांनी यावर बराच विचार केलेला आहे. १९५६ च्या फेब्रुवारीत नागपुरात एका माणसावर वार झाले. मेयो हॉस्पिटलमध्ये त्याने प्राण सोडण्यापूर्वी डॉक्टर, पोलीस आणि मॅजिस्ट्रेट अशा तिघांनी त्याचे जबाब टिपून घेतले. पुढे 'खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य' या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या निकालात न्यायालयाने मृत्युपूर्व जबाब कसा जोखायचा याची तत्त्वं मांडली. सक्षम मॅजिस्ट्रेटने प्रश्नोत्तरांच्या रूपात आणि शक्य तितकं सांगणाऱ्याच्याच शब्दांत जो जबाब नोंदवला, त्याचं वजन तोंडी साक्षीवर, म्हणजे माणसाच्या आठवणीवर आणि स्वभावावर अवलंबून असलेल्या जबाबापेक्षा खूप जास्त, असं तिथे म्हटलं आहे. 'सांगणाऱ्याच्याच शब्दांत' ही अट न्यायालयाने घातली ती बोलीच्या कौतुकापोटी नाही. मरणाऱ्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून त्याचे शब्द बदलले की खरंखोटं पारखायला हातात काही उरत नाही, असा त्यामागचा सरळ व्यवहार आहे.

उलट टोकाचं उदाहरण अगदी ताजं आहे. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर एका प्रकरणातले साक्षीदारांचे जबाब आले. परिच्छेद त्याच शब्दांनी सुरू होत होते आणि त्याच शब्दांनी संपत होते. खंडपीठाने या 'कॉपी-पेस्ट' जबाबांची स्वतःहून दखल घेतली आणि ही पद्धत घातक असून तिचा फायदा विनाकारण आरोपीला मिळू शकतो, असं बजावलं. पोलीस स्टेशनमध्ये लिहायला बसलेला हवालदार याकडे वेगळ्या नजरेने पाहत असेल, हे मला कळतं. तीन साक्षीदारांनी एकच भांडण पाहिलं, मग तीन वेळा वेगळं कशाला लिहायचं? पण एक बाई ओट्यावर होती, एक पोरगा गल्लीच्या तोंडाशी होता आणि तिसऱ्याने फक्त आरडाओरडा ऐकला. तिघांचं सांगणं शब्दाशब्दाने सारखं निघालं की बचावाच्या वकिलाचं निम्मं काम तिथेच झालं. तिघांचंही सांगणं खरं असतं, तरी ते खोटं दिसतं.

पुनर्लेखनातला मोठा धोका मला इथे दिसतो. खोट्याला खरं भासवण्यापेक्षा खऱ्याला खोटं भासवणंच त्यातून जास्त घडतं.

शब्द थोडे इकडेतिकडे केले की झालं, असंही काही जणांना वाटतं. अमेरिकेत २०१७ मध्ये इंटरनेट समानतेच्या नियमांवर तिथल्या दूरसंचार आयोगाने लोकांची मतं मागवली, तेव्हा हाच प्रयोग प्रचंड प्रमाणावर झाला. दोन कोटी वीस लाखांहून अधिक मतं आली. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलनी २०२१ च्या अहवालात त्यातली जवळजवळ एक कोटी ऐंशी लाख बनावट असल्याचं सांगितलं. त्यातल्या काही लाखांत एकच सांगाडा होता आणि प्रत्येक जागी समानार्थी शब्दांपैकी कुठला तरी एक बसवलेला होता. एकात 'नागरिकांना' तर दुसऱ्यात 'जनतेला', एकात 'रद्द करावे' तर दुसऱ्यात 'मागे घ्यावे', अशी ती गंमत होती. दोन संदेश शेजारी ठेवले तर वेगळे वाटत. पाचपन्नास ठेवले की सांगाडा उघडा पडे, कारण वाक्यांचा क्रम, लांबी, मुद्द्यांची चढण सगळं तेच. आपल्याकडे २०१५ च्या अखेरीस 'फ्री बेसिक्स' या फेसबुकच्या मोफत इंटरनेट योजनेच्या बाजूने फेसबुकवरून दूरसंचार नियामक ट्रायकडे गेलेले ठोकळेबाज संदेश तर मुळात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच देत नव्हते. ट्रायने तसं सांगितलंही. बटण दाबणाऱ्यांत खरी, हाडामांसाची माणसं होती. त्यांचं मत काय होतं हे मात्र त्या संदेशांतून कुणाला कळलं नाही.

म्हणजे आवाज शब्दकोशातून येत नाही. माणूस गोष्ट कुठून सुरू करतो, कशावर रेंगाळतो आणि कुठे 'मला माहीत नाही' म्हणतो, त्यातून तो येतो.

मग अर्ज लिहायचा कसा? त्याच डीपीचा अर्ज मी असा लिहीन.

"साहेब, आमच्या शिवारातली डीपी मंगळवारी रात्री साधारण जेवणाच्या वेळी मोठा आवाज होऊन बंद पडली. आज पाच दिवस झाले. ती लवकर बदलून मिळावी. त्याआधी दोन दिवस डीपीखाली तेल गळत होतं. माझ्या मुलाने वायरमनला फोन करून तसं सांगितलं होतं. या डीपीवर पाच हॉर्सपॉवरच्या वीस-बावीस मोटारी असाव्यात, म्हणून बदलताना लोड एकदा पाहावा. माझा वीस गुंठे कांदा लावून आठवडा झाला आहे. शेजाऱ्याच्या विहिरीवरून एक पाळी दिली, आता त्यालाच पाणी पुरत नाही. कार्यालयात मी एकदा आलो होतो, तेव्हा डीपीवरच्या सगळ्यांनी आधी बिल भरावं असं सांगितलं गेलं. माझं बिल भरलेलं आहे, पावती जोडली आहे. बाकीच्यांचं मला माहीत नाही."

वर डीपीची खूण, गट नंबर आणि ग्राहक क्रमांक, खाली सही आणि फोन. काय बदललं ते पाहा. मागणी तिसऱ्या वाक्यात आणली, कारण बोलताना ती कुठेच आली नव्हती. माणूस गृहीत धरतो की साहेबाला कळेलच. 'आन्' गेलं. 'लोड पाहावा' ही भर माझी, म्हणून ती ठेवायची की नाही हे त्याला विचारून ठरवायचं. 'जेवणाच्या वेळी' मात्र मी तसंच ठेवलं. लिहून देणाऱ्याचा हात इथे 'अंदाजे ८.३० वा.' लिहायला शिवशिवतो. पण त्याने घड्याळ पाहिलेलं नव्हतं. उद्या सबस्टेशनच्या नोंदीत फीडर ७.५० ला ट्रिप झाल्याचं निघालं, तर लेखी ८.३० खोटं ठरेल, जेवणाची वेळ ठरणार नाही. मुलाचा फोन मुलाच्याच नावावर राहिला, कारण पुरावा मुलाच्या मोबाइलमध्ये आहे. 'बाकीच्यांचं मला माहीत नाही' हे वाक्य तर मी कधीच काढणार नाही. ज्या माणसाला आपल्या माहितीची सीमा ठाऊक आहे, त्याने त्या सीमेच्या आत सांगितलेल्या गोष्टींवर अधिकारी विश्वास ठेवतो.

मसुदा झाल्यावर माझी कसोटी एकच असते. कार्यालयातून फोन आला आणि अर्जातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवून विचारलं, 'म्हणजे काय?', तर अर्जदार कागद न पाहता उत्तर देऊ शकेल का? 'प्रचंड आर्थिक नुकसान म्हणजे किती?' या प्रश्नावर तो अडखळला की गडी संपला. 'वीस गुंठे कांदा' यावर तो अर्धा तास बोलेल. म्हणून लिहिलेलं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवते आणि कागदाकडे न पाहता त्याच्या तोंडाकडे पाहते. ज्या शब्दाला तो नुसती मान डोलावतो तो शब्द माझा असतो. ज्या जागी तो मध्येच 'हां, आणि…' करून बोलायला लागतो, तिथे अर्ज अजून अपुरा असतो.

एआयच्या बाबतीत हीच अडचण जास्त गडद होते, कारण ते समोरच्याच्या तोंडाकडे पाहू शकत नाही आणि मोकळी जागा दिसली की भरून टाकतं. दोन ओळींची रजा मागा, ते चार परिच्छेद देतं. 'आपण कुशल असाल अशी आशा करतो' अशी सुरुवात होते. शिक्षकांना मुलीच्या तापाबद्दल कळवणारी कुठली आई असं लिहिते? प्रत्येक वाक्य सारख्या लांबीचं, प्रत्येक गोष्टीला दोन-दोन विशेषणं, शेवटी 'आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार'. कालपर्यंत 'सर पोरीला ताप आहे उद्या येणार नाही' असं लिहिणाऱ्या नंबरवरून असा संदेश आला की वर्गशिक्षकाच्या मनात ताप आहे की नाही हाच प्रश्न उभा राहतो. एआय वापरूच नये असं मी म्हणत नाही. पण 'जास्त चांगलं लिहून दे' ही सूचना घातक आहे. 'शुद्धलेखन सुधार, वाक्यं वाढवू नकोस, आकडे आणि बहुतेक-कदाचित तसेच ठेव' एवढंच सांगितलं तर निकाल पुष्कळ बरा येतो. तरीही शेवटी मूळ संदेश आणि नवा मजकूर शेजारी ठेवून पाहावंच लागतं की मूळात नसलेलं काय आत शिरलं.

यावर एक आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. आदिवासी पाड्यावरचा माणूस किंवा वस्तीतली धुणंभांडी करणारी बाई सरकारी दारात आपल्या बोलीत गेली की तिला खुर्ची मिळत नाही. 'सविनय निवेदन' ही तिची ढाल आहे; ती काढून घेऊन 'तुझा खरा आवाज फार गोड आहे' असं म्हणणं हा आमच्यासारख्यांचा शहाजोगपणा आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी 'आन्'चं 'आणि' करते. माणसाची बोली कागदावर प्रदर्शनाला मांडणं हाही त्याच्या आवाजाशी केलेला खोटेपणाच आहे, कारण लिहिताना आपण नीट लिहावं असं त्यालाही वाटत असतं. त्याला 'महोदय' हवं असेल तर 'महोदय' लिहावं. प्रमाणभाषा हा त्याचाही हक्क आहे. फक्त त्या हक्काच्या नावाखाली तपशील विकला जाऊ नये. प्रमाण मराठीत 'वीस गुंठे', 'मुलाने फोन केला' आणि 'मला माहीत नाही' हे सगळं लिहिता येतं. ढाल द्यायची ती द्यावी, पण तिच्यामागचा माणूस दिसत राहावा.

आणि काही कागदांत आवाजाचं काही कामच नसतं. माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी हे सांगावं लागत नाही, आणि महाराष्ट्राच्या नियमांत तर अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत ठेवायचा आहे. तिथे ठरावीक नमुना वापरला तर काही बिघडत नाही, उलट बरंच. अर्जदारावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच तिथे येत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी लेखी करून द्यायला जन माहिती अधिकाऱ्याने मदत करावी, असं त्याच कायद्यात आहे. नमुना कुठे चालतो आणि कुठे मारक ठरतो, याचा निकष साधा आहे: वाचणारा 'या माणसाने हे खरंच पाहिलं का, सोसलं का' असं विचारणार असेल, तर नमुना बाजूला ठेवायचा.

व्यवस्थेकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत आणि दोन्ही नव्या नाहीत. खरेदीखतावर दस्त लिहिणाऱ्याचं नाव घालायची आपली जुनी रीत आहे. तक्रार अर्जावरही 'अर्ज लिहिणाऱ्याचं नाव' अशी एक ओळ असावी. आपलं नाव खाली येणार म्हटल्यावर 'जाणीवपूर्वक दुर्लक्ष' लिहिताना हात आपोआप थबकतो, आणि साहेबालाही कळतं की भाषा कुणाची आणि हकीकत कुणाची. दुसरी गोष्ट आवाजाची. साक्षीदाराचा जबाब ध्वनिचित्रमुद्रित करण्याची मुभा आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे, आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ती आलेली होती. 'सदर जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे' या ओळीखाली कोणीही काहीही दडपू शकतो, शेजारी मूळ बोलणं असलं तर ते कठीण जातं. तक्रारी स्वीकारणाऱ्या कार्यालयांनीही लेखी अर्जाबरोबर अर्जदाराची दोन मिनिटांची व्हॉइस नोट जोडून घ्यायला हरकत नसावी. साठवणुकीचा खर्च येईल, गोपनीयतेचे प्रश्न येतील, काही अधिकारी ती कधीच ऐकणार नाहीत. पण डीपीखाली गळणाऱ्या तेलाची गोष्ट निदान कुठेतरी नोंदलेली राहील.